पैसे वडिलांचे, खाते मुलाचे

संपादक महोदय,

‘पैसे बापाने भरले, म्हणून अठराव्या वर्षानंतरही मुलाचे गूगल खाते बापाचेच’ हे आपल्या लेखातले मत चुकीचे आहे.

खामगावातल्या माझ्या भाच्याने वडिलांच्या कार्डावर अभ्यासाचे ॲप घेतले. खरेदी भाच्याच्या खात्यावर नोंदली गेली, त्यामुळे ॲप त्याचेच. वडिलांकडे उरते ती पावती आणि बँकेतली नोंद. मात्र वडिलांनी स्वतःच्या खात्यावर घेऊन कुटुंबात वाटलेले ॲप मुलगा कुटुंब-गटातून बाहेर पडताच बंद होते.

‘अठरा झाले की जुनी माहिती पुसली जाते’ हेही खरे नाही. फोटो, शोध-इतिहास, खरेदीची यादी जशीच्या तशी राहते. थांबू शकते ती फक्त ‘फॅमिली लिंक’मधली पालकांची देखरेख.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक आणि तिच्या माहितीबाबत पालकांची संमती लागते. अठरा पूर्ण होताच संमती देणे, मागे घेणे, माहिती पुसायला सांगणे हे हक्क एकट्या मुलाचे.

म्हणून वाढदिवसाआधी दोन कामे करा: खाते परत मिळवण्यासाठी दिलेला वडिलांचा मोबाइल नंबर बदलून मुलाचा टाका आणि ‘टेकआउट’मधून माहितीची प्रत उतरवून घ्या. तो नंबर तसाच राहिला, तर खाते नावाला मुलाचे, पण किल्ली वडिलांकडेच.

आपला,
एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)