कापसाच्या बोळ्याने कान वाचत नाहीत

श्रीपूरसारख्या गावात मोकळ्या मैदानावर ऑर्केस्ट्रा असला, की गर्दी होते ती स्पीकरच्या भिंतीपुढे. कानांसाठी तीच सर्वांत वाईट जागा.

अमेरिकेतील ‘नायॉश’ संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलमागे ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटे. कार्यक्रम मात्र ३ तासांचा!

कापसाचा बोळा फारसा आवाज अडवत नाही. त्याऐवजी फोमचा इअरप्लग बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. नीट बसला, की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. त्याने १५ डेसिबल घटले, तरी १०० चे ८५ होतात.

मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरची भिंत असेल तर कमी. मध्येच बाहेर शांततेत काढलेली १० मिनिटे कानांवरचा भार कमी करतात, झालेली इजा मात्र भरून काढत नाहीत.

प्रेक्षकांना इअरप्लग आणि शांत जागा मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ चे मानक सांगते. मंडपावर खर्च करणाऱ्या आयोजकांना हे जड नाही. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जावे.