घडा पालथा, हसरा उलटा

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचनंतर ऑफिसच्या ग्रुपवर काम कोण करतं? आमच्याकडे त्या वेळेला इमोजीतली म्हण पडते. पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला सोमवारचा कटिंग आणि वडापाव फुकट. सगळं मस्त चालतं, पण एकाच कोड्याला दोन उत्तरं बसली की संपलं! मग वडापाव कुणाचा यावर जी जुंपते, ती थेट वीकएंडभर. त्यामुळे कोडं कठीण असलं तरी चालेल, पण उत्तर एकच निघालं पाहिजे. हे जमवायचं कसं, ते एका म्हणीवर बघू.

म्हण घ्या, 'पालथ्या घड्यावर पाणी'. तीन शब्द, सगळ्यांना पाठ. अर्थ आपल्या मीटिंगांत रोज अनुभवायला मिळतो.

पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा असतो: 🏺💧💧. दिसायला छान, पण यात पालथेपणा कुठेय? समोरच्याला दिसतो तो सरळ उभा घडा आणि थेंब. त्याच्या डोक्यात लगेच 'थेंबे थेंबे तळे साचे' येतं, नाहीतर 'पापाचा घडा भरला'. दोन्ही उत्तरं चूक म्हणायची तुमची हिंमत आहे का? चित्रात तर तेच आहे.

आता घड्याचंच बघा. मराठी माठ-घागरीचं इमोजी कीबोर्डवर नाही. 🏺 ही खरं तर ग्रीक पद्धतीची दोन कानांची सुरई, पण आपण ती घडा म्हणून चालवून घेतो. शेजारचं ⚱️ मात्र चुकूनही वापरू नका. त्याचं अधिकृत नाव 'फ्यूनरल अर्न', म्हणजे चक्क अस्थिकलश!

मग पालथं कसं दाखवायचं? बाण लावू नका. 🔃 म्हणजे मोबाइलवाल्या पिढीसाठी रिफ्रेश. माझं मत 🙃 ला. हा उलटा हसरा चेहरा आणि ती सुरई, दोन्ही २०१५च्या युनिकोड यादीतले, त्यामुळे जवळपास सगळ्या फोनवर दिसतात. धोका एवढाच की चॅटवर 🙃 टोमणा म्हणून वापरतात. म्हणून त्याला घड्याला खेटून, घड्याच्या आधी ठेवा. विशेषण नामाआधी आलं की मराठी डोकं आपोआप 'पालथा घडा' असं वाचतं. शेवटी टाकलात, तर लोक त्याला तुमचा शेरा समजतील.

पाण्यासाठी एक थेंब 💧 चालतो, दोन नकोत. आणि 💦 तर नकोच, कारण त्याचं मूळ नावच घामाचं आहे. कुणीतरी 'घाम गाळणे' म्हणून टपकेल. सगळ्यांत नेमकं 🫗, पेल्यातून ओतलं जाणारं पाणी. पण ते २०२१चं आहे. ग्रुपवर कुणाचा फोन जुना असेल तर त्याला नुसता रिकामा चौकोन दिसेल आणि बिचारा चौकोनावर म्हण शोधत बसेल.

तर झालं: 🙃🏺🫗. एका शब्दाला एक इमोजी, आणि क्रम म्हणीतलाच. 'वर' दाखवायला ⬆️ घालायचा मोह होतो, तो आवरा. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं वाचणाऱ्याची जीभच भरते, आणि जादा इमोजी दिसला की माणूस चौथा शब्द शोधतो.

खरी गंमत हिंटची आहे. 'तीन शब्द' असं लिहिलंत की चार शब्दांचं 'थेंबे थेंबे तळे साचे' बाद. पण 'पापाचा घडा भरला' हेही तीनच शब्द! बरं, पहिलं अक्षर 'पा' सांगावं, तर पापाचा पण 'पा'नंच सुरू. म्हणजे तुमची हिंट चुकीच्या उत्तरालाच टेकू देतेय. त्याऐवजी 'शेवटचा शब्द पा-वरून' असं सांगा. 'भरला' गळाला, 'पाणी' राहिलं. हिंट नेहमी प्रतिस्पर्धी उत्तर समोर ठेवूनच निवडायची.

तो प्रतिस्पर्धी सापडतो कसा? टाकण्याआधी ग्रुपबाहेरच्या दोघांना कोडं पाठवा, घरचे असले तरी चालतील. 'आलं का?' असं विचारू नका. 'काय काय सुचलं?' असं विचारा. एकाचंच काहीतरी भलतं निघालं तर सोडून द्या. दोघांनी एकच चुकीचं उत्तर दिलं, तर दोष इमोजीचा. कुठल्या चित्रावरून तिथे पोचले ते विचारा आणि तेवढंच बदला.

सगळ्यांत बेकार जनावर म्हणजे गाढव. २०२२मध्ये 🫏 आलं तेव्हा वाटलं, चला, घोड्यावर भागवायची वेळ संपली. पण नुसतं गाढव दिसलं की अडलेला हरी, गुळाची चव आणि पुढ्यात वाचलेली गीता, तिन्ही एकदम धावून येतात. तिथे गाढवाच्या शेजारी 🦵, 👅 की 📖, यावरच सगळा वडापाव ठरतो.