गल्ल्यावरून उमेदवारास पत्र



तुला दुकानात येऊन पंधरा दिवस झाले. पुड्या तू नीट बांधतोस, तराजूवर नजर आहे. पण काल संध्याकाळची गोष्ट तोंडी बोललो असतो तर गिऱ्हाइकांच्या गर्दीत अर्धी राहिली असती, म्हणून लिहितो आहे.

त्या आजींचे बिल एकशे त्रेसष्ट झाले होते. त्यांनी पाचशेची नोट दिली आणि तू दोनशे सदतीस परत केलेस. माळीवाड्याच्या स्टँडवर पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा गाडी सोडून त्या परत आल्या. पैसे आपण दिले, पण त्यांची गाडी गेली ती गेलीच. चूक कुठे झाली ते मी पाहिले. तू मनात पाचशेतून एकशे त्रेसष्ट वजा केलेस. त्रेसष्टाचे सदतीस बरोबर आले. शतक मात्र एकाऐवजी दोन कमी झाले. घाईत हातचा घसरतोच.

म्हणून वजाबाकी करूच नकोस. बिलापासून वर चढ. एकशे त्रेसष्ट म्हण, दोनचे नाणे ठेव, 'पासष्ट'. पाचचे नाणे, 'सत्तर'. दहाची नोट, 'ऐंशी'. वीसची, 'दोनशे'. मग शंभराच्या तीन: 'तीनशे, चारशे, पाचशे'. संपले. तीनशे सदतीस हा आकडा तुझ्या डोक्यात आलाच नाही आणि तो यायची गरजही नाही. हे सारे मोठ्याने म्हणत गिऱ्हाइकाच्या हातावरच मोजायचे, म्हणजे तेही तुझ्याबरोबर मोजते. कॅल्क्युलेटर तीनशे सदतीस दाखवील खरा, पण ती रक्कम कोणत्या नोटांनी जुळवायची हे तुलाच ठरवावे लागते. वर चढताना दोन्ही कामे एकदमच होतात.

आमच्या आजोबांच्या वेळी तर वजाबाकी म्हणजे शिक्षाच होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. बिल तीन रुपये पाच आणे दोन पैसे, हातात पाचाची नोट! कागदावर मांडले तरी घाम फुटावा. आजोबा दोन पैसे ठेवून 'सहा आणे' म्हणत, चवली ठेवून 'साडेतीन', अधेली ठेवून 'चार' आणि वर एक रुपया ठेवून 'पाच'. नाणी बदलली, चढण तीच राहिली. आपल्या भाषेतही ती आहे बघ. एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी. एक रुपया ठेवला की सत्तर. शब्दच मोड सांगतो.

गिऱ्हाईक वर तीन रुपये देते तेव्हा तू गोंधळतोस. ते तीन आधी बिलातून काढून टाक. त्रेसष्टाचे साठ झाले. आता एकशे साठपासून चढ. वीस आणि वीस, दोनशे. पुढे तीन शंभराच्या. तेरा दिले तर एकशे पन्नासपासून. वरचे पैसे पुढे करताना गिऱ्हाइकाने हिशेब केलेलाच असतो, त्याला 'कशाला?' विचारू नये.

आता ही रीत कुठे उपयोगी पडत नाही तेही सांगतो. सुरुवातीचा आकडाच चुकला तर तू बिनचूक चढून चुकीचेच पैसे देशील. म्हणून बिल आधी मोठ्याने सांग. शेवटचा आकडा म्हणजे हातात आलेली नोट, तीही उच्चारायची: 'पाचशे आले.' ती नोट लगेच गल्ल्यात टाकू नकोस. मोड पुरी होईपर्यंत ती वजनाच्या मापाखाली, दोघांना दिसेल अशी राहू दे. 'मी पाचशे दिले होते', 'नाही, दोनशेच होते' हा तंटा मग उभाच राहात नाही. दिवे लागल्यावर वीसची नवी हिरवट पिवळी नोट आणि दोनशेची पिवळी नोट नजरेला फसवतात. रंगावर जाऊ नकोस, आकडा वाच. मोजणे चालू असताना कोणी 'थांबा, ही शंभराची सुटी द्या' म्हणाले तर आधीची मोजणी संपव, मगच दुसरा व्यवहार. कोणी मुद्दाम करतो, कोणी सहज. दोन्हींत गल्ला सारखाच तुटतो.

आणि सुटे नसतील तर सरळ सांग. दोन रुपयांऐवजी गोळी हातावर ठेवायची ही रीत पुष्कळ ठिकाणी चालते, आपल्याकडे नाही. गिऱ्हाइकाने गोळी मागितलेली नसते.

दिवाळीचा बाजार आहे. पुष्कळ लोक मोबाईलने पैसे देतात, तरी खेड्यावरून आलेली मंडळी नोटाच काढतात. उद्या सकाळी अर्धा तास लवकर ये. गल्ल्यात एक, दोन, पाच आणि दहाची खणे वेगवेगळी लावू. मी बिले सांगेन, तू चढत जा. पहिले बिल आताच देतो: दोनशे अठ्ठ्याहत्तर, आणि हातात पाचशेची नोट.

तुझा,
दुकानकाका