९ लाख ६० हजारांचा हिशेब द्या

मा. व्यवस्थापकीय संचालक,
ज्या ॲपवर मी पुण्यात पाच वर्षं कॅब चालवतो ती कंपनी

जूनपासून मी तीन तक्रारी केल्या. तिन्हींना एकच उत्तर आलं, ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’, आणि तक्रार बंद झाली. चौथ्या वेळी एक दिवसाचा धंदा सोडून तुमच्या चालक केंद्रावर आलो. टोकन घेऊन अडीच तास बसलो. खिडकीवरच्या मुलानं सांगितलं की कर हा चालकाचा वैयक्तिक प्रश्न आहे. म्हणून आता सगळ्यांसमोर विचारतो.

आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी तुम्ही माझ्या पॅनवर ९,६०,००० रुपये दाखवले आहेत. फॉर्म २६एएसमध्ये कलम १९४-ओ खाली ही रक्कम आहे आणि तिच्यावर ५,४६० रुपये टीडीएस कापलेला आहे. सप्टेंबरपर्यंतच्या पाच लाखांवर एक टक्का आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून दर उतरल्यावर उरलेल्या ४,६०,००० वर ०.१ टक्का. कपात बरोबर आहे, तक्रार तिची नाही. पण त्याच वर्षात तुमच्याकडून माझ्या बँकेत जमा झाले ४,०४,५४० रुपये. मधले साडेपाच लाख कुठे गेले, हे सांगणारा एकही कागद तुम्ही मला दिलेला नाही. वार्षिक सारांश म्हणून जे पाठवलंत त्यात एकच ओळ आहे: एकूण भाडे ९,६०,०००.

हे साडेपाच लाख मी स्वतः शोधले. दर सोमवारी आठवड्याच्या हिशेबाचा स्क्रीनशॉट काढायची सवय होती म्हणून जमलं, कारण ॲपमधून जुने आठवडे काही महिन्यांनी नाहीसे होतात. बावन्न स्क्रीनशॉटची बेरीज केली. तुमचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी मिळून २,३०,००० रुपये. प्रवाशांनी थेट माझ्या हातात दिलेले ३,२०,००० रुपये. त्यात टीडीएस मिळवला की फरक रुपयापर्यंत जुळतो. मला बावन्न स्क्रीनशॉटवरून जे कळलं ते तुमच्या संगणकात एका बटणावर आहे. तरी तुम्ही ते देत नाही.

ही एक ओळ माणसाचं काय करते, ते सांगतो. मुलगी अभियांत्रिकीला आहे. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. दाखल्याच्या खिडकीवर २६एएस पाहून मला विचारलं, ‘तुमचं उत्पन्न तर साडेनऊ लाख आहे, शिष्यवृत्ती कशाला?’ हे उत्पन्न नाही, प्रवाशांनी भरलेलं एकूण भाडं आहे, हे मी तोंडानं सांगत होतो. कागद तुमचा होता आणि कागदावर दुसरं काहीच नव्हतं.

आता माझं खरं उत्पन्न पाहा. ९,६०,००० मधून तुमचे २,३०,००० गेले. टोल आणि पार्किंगचे २८,००० गेले. मग सीएनजी. वर्षभरात गाडी ६४,००० किलोमीटर फिरली. तुमचं ॲप ४२,००० च दाखवतं, कारण प्रवासी गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंतचंच अंतर तुम्ही मोजता. हिंजवडीला प्रवासी सोडून रिकामी परत आणलेली गाडी, विमानतळाच्या रांगेपर्यंत नेलेली गाडी, पिकअपला चार किलोमीटर गेल्यावर प्रवाशानं रद्द केलेली ट्रिप, हे सगळं तुमच्या लेखी घडलेलंच नाही. सीएनजी मात्र तेव्हाही जळतो. किलोला २५ किलोमीटरच्या हिशेबानं २,५६० किलो, सरासरी ८७ रुपये ५० पैसे भावानं २,२४,००० रुपये. यातले ३,२०० किलोमीटर घरचे होते, गावी जाणं आणि लग्नकार्य. म्हणजे पाच टक्के खासगी वापर. तो मी स्वतःच वजा केला. धंद्याचा सीएनजी राहिला २,१२,८००.

पंपावरची पावती उन्हात महिन्याभरात पांढरी पडते. म्हणून मी रोज रात्री पावतीचा फोटो काढतो आणि डायरीत तारीख, मीटरचं रीडिंग, किलो आणि रक्कम लिहितो. उद्या कुणी विचारलं की ४२,००० किलोमीटरला एवढा गॅस कसा लागला, तर उत्तर ह्या डायरीत आहे. तुमच्या ॲपवर विसंबलो असतो तर इंधनाचा तिसरा हिस्सा खोटा ठरला असता.

विमा, परमिट आणि पासिंगचे ४६,०००. सर्व्हिसिंग, चार टायर आणि क्लच मिळून ५८,०००. कर्जाचं व्याज ५२,०००. व्याजच, हप्ता नाही. स्टँडवरचे बरेच जण पूर्ण हप्ता खर्चात धरतात आणि तिथे चुकतात. हप्त्यातली मुद्दल हा खर्च नसतो. गाडीची किंमत घसाऱ्याच्या रूपानं वजा होते. या तीन रकमांची बेरीज १,५६,०००, तिचे ९५ टक्के १,४८,२००.

राहिला घसारा. भाड्यानं चालणाऱ्या टॅक्सीला तो वर्षाला ३० टक्के मिळतो, साध्या खासगी कारला १५ टक्के. गाडी ऑगस्ट २०२२ मध्ये ८ लाखांना घेतली. पहिल्या वर्षी २,४०,०००, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ५,६०,००० वर १,६८,०००, आणि २०२४-२५ मध्ये उरलेल्या ३,९२,००० वर १,१७,६००. पाच टक्के खासगी वापर काढून १,११,७२०.

सगळं मिळून खर्च ७,३०,७२०. हातात राहिलं २,२९,२८०. महिन्याला १९,००० च्या आसपास. दाखल्याच्या खिडकीवर ज्याला साडेनऊ लाखांचा धनी म्हटलं, तो हा माणूस आहे.

तुमच्या केंद्रावरचा मुलगा असंही म्हणाला की, ‘काका, खर्च कशाला लिहिता, आयटीआर-४ भरा, सहा टक्के दाखवा आणि मोकळे व्हा.’ मागच्या वर्षी मी तेच केलं होतं. कलम ४४एडी खाली लहान धंदेवाल्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीवर ठरावीक टक्के उत्पन्न दाखवता येतं. बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. प्रवासी वाहतूक यात बसते. ट्रक-टेम्पोचं कलम ४४एई वेगळं आहे. पण इथेही मला तुमचाच आकडा आडवा येतो. तुम्ही ३,२०,००० ‘रोख’ म्हणून नोंदवता. त्यातले १,९०,००० प्रवाशांनी माझा क्यूआर कोड स्कॅन करून दिलेत आणि माझ्या पासबुकात दिसतात. खरी रोख १,३०,००० आहे. म्हणजे ८,३०,००० चे ६ टक्के ४९,८०० आणि १,३०,००० चे ८ टक्के १०,४००. एकूण ६०,२००.

हा कायद्यानं ठरवलेला किमान आकडा आहे. त्याच कलमात लिहिलंय की प्रत्यक्षात जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवावं. मागच्या वर्षी असाच किमान आकडा भरला आणि मार्चमध्ये घरदुरुस्तीच्या कर्जाला बँकेत गेलो. महिन्याला पाच हजार कमावणारा हप्ता कसा फेडणार, असं विचारून त्यांनी अर्ज परत दिला. एका खिडकीवर मी फार श्रीमंत, दुसऱ्या खिडकीवर फार गरीब. खरा आकडा दोन्हीकडे कामाचा होता आणि तो सिद्ध करायला लागणारा कमिशनचा कागद तुमच्याकडे अडकलेला होता. कमिशनचं बिल नसेल आणि कुणी ते २,३०,००० मान्य केले नाहीत, तर माझं उत्पन्न कागदावर ४,५९,२८० होतं. दुप्पट.

या वर्षी मी आयटीआर-४ च भरला आहे. उलाढाल पूर्ण ९,६०,००० आणि उत्पन्न किमान आकड्याऐवजी खरं, २,२९,२८०. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणून टीडीएसचे ५,४६० परत मागितले आहेत. माझ्या स्टँडवरच्या एका मित्रानं मात्र बँकेत आलेली रक्कमच उलाढाल म्हणून भरली. टीडीएस मोठ्या रकमेवर कापलेला आणि उलाढाल तिच्या निम्मी. त्याचं रिटर्न सदोष ठरलं. कलम १३९(९) ची नोटीस आली आणि दुरुस्तीला पंधरा दिवस मिळाले. त्यानं काही लपवलं नव्हतं. तुम्ही त्याला सांगितलंच नव्हतं की २६एएसमधल्या रकमेत तुमचं कमिशनही आहे.

दुसऱ्या एकाचं याहून वाईट झालं. ठरलेल्या ट्रिपा पूर्ण केल्याबद्दल त्याला मिळालेला २४,००० रुपयांचा इन्सेंटिव्ह तुम्ही १९४-एच खाली, म्हणजे दलाली म्हणून नोंदवला. दलालीचं उत्पन्न असणाऱ्याला ४४एडी चालत नाही. आयटीआर-४ सोडून त्याला आयटीआर-३ कडे जावं लागलं, नफा-तोटा पत्रकासह. फी सहा हजार. ट्रिपांचा मोबदला ही दलाली नव्हे. पैशाचं स्वरूप टीडीएसच्या कलमावरून ठरत नाही हे खरं, पण ते पटवत बसायचं ओझं त्याच्यावर पडलं. टीडीएसचं दुरुस्ती विवरण तुम्हीच भरू शकता, तो नाही.

आयटीआर-३ ची आम्हाला भीती नाही. अपघातानं गाडी चार महिने गॅरेजात पडली आणि नफा त्या ६-८ टक्क्यांखाली गेला, तर तोच फॉर्म योग्य. पण एकदा ४४एडीतून असं बाहेर पडलं की पुढची पाच वर्षं परत जाता येत नाही, आणि त्या काळात एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं तर लेखापरीक्षण लागतं. एवढा मोठा निर्णय चालकानं स्वतः, हिशेब बघून घ्यायचा असतो. तुमच्या कार्यालयात कुणीतरी चुकीचं कलम निवडलं म्हणून तो आमच्यावर लादला जाऊ नये.

मी पैसे मागत नाही. एक पान मागतो. दर वर्षी १५ जूनपर्यंत, टीडीएसच्या शेवटच्या प्रमाणपत्रासोबत, प्रत्येक चालकाला द्या: एकूण भाडं, त्यातला टोल, तुमचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी, ॲपमधून आलेली रक्कम, प्रवाशानं थेट दिलेली रक्कम, कापलेला टीडीएस आणि बँकेत पाठवलेली रक्कम. पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीपर्यंत वजाबाकी जुळली पाहिजे. कमिशनचं बिल दर महिन्याला द्या. आणि ज्यांचा इन्सेंटिव्ह दलाली म्हणून नोंदवलात त्यांची नोंद दुरुस्त करा.

शिष्यवृत्तीचा अर्ज अजून त्रुटीत आहे. त्यावर शेरा आहे, ‘उत्पन्नाचा पुरावा जोडावा’. मी डायरी, पासबुक, विम्याची पावती आणि बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र जोडलं. कमिशनपुढे बावन्न स्क्रीनशॉट जोडले, ते चालले नाहीत. तिथे तुमच्या सहीचा कागद हवा आहे.

आपला,
एक कॅबचालक, पुणे