बॅच नंबर बिलावर हवा

जबलपूरच्या बडा फुहाऱ्यावरच्या थोक किराणा दुकानाचं बिल हातात घेऊन पाहा. मालाचं नाव, पाकिटाचं वजन, एचएसएन कोड, नग, दर, सूट, जीएसटी, सगळं त्यावर असतं. पुष्कळदा तळाशी बारीक अक्षरांत हमीही छापलेली असते की या बिलातला खाद्यमाल सांगितल्या जातीचा आणि दर्जाचा आहे. बॅच नंबर मात्र बहुतेक बिलांवर सापडत नाही. तो खोक्यावर असतो, आतल्या पाकिटांवरही असतो. पण खोकं थोक दुकानातून निघून किरकोळ दुकानदाराच्या ई-रिक्षात चढलं की कोणता बॅच कोणाकडे गेला, याची नोंद तिथेच संपते. माल परत बोलावायची वेळ आली तर साखळी इथेच तुटणार. ती जोडायला मोठं यंत्र लागत नाही, आणि म्हणूनच ती अजून तुटलेली आहे याचा मला राग येतो.

जबलपूरकरांना हे पटवायला लांबचा दाखला नको. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा भागातली लहान मुलं कोल्ड्रिफ हे खोकल्याचं औषध घेऊन दगावली. औषध तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रेसन कंपनीचं, बॅच एसआर-13, मे 2025 मध्ये तयार झालेला. तपासणीत त्यात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. छिंदवाड्याला हा माल जबलपूरच्या एका स्टॉकिस्टकडून गेला होता. त्याच्याकडे 660 बाटल्या आल्या आणि 594 छिंदवाड्याला गेल्या, असे आकडे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. असा हिशेब लगेच मांडता येतो, कारण औषधाच्या बिलावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. कांचीपुरम ते जबलपूर, जबलपूर ते छिंदवाडा, असा माग बिलांवरूनच काढता येतो. बॅच नंबरने ती मुलं वाचली नाहीत. विष कारखान्यातच मिसळलं होतं आणि संशय यायला उशीर झाला होता. मात्र संशय आल्यावर उरलेल्या बाटल्या कुठे शोधायच्या, हे माहीत होतं.

आता औषधाच्या जागी मसाला शेवेचं पाकीट ठेवा. फुहाऱ्याजवळच्या एका मुनीमजींना मी बॅचबद्दल विचारलं, तेव्हा ते सहज म्हणाले, “भाईसाहब, बैच तो दवावाले लिखते हैं.” त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण ही मुभा कायद्यानेच दिली आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 च्या कलम 26 नुसार माल विकणाऱ्याने घेणाऱ्या दुकानदाराला लेखी हमी द्यायची असते. या हमीचा ठरावीक नमुना म्हणजे फॉर्म ई, आणि त्यात बॅच नंबरचा रकाना आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की साधं बिल दिलं तरी ते हमीच समजलं जाईल. मग फॉर्म ई भरणार कोण? हमीची ओळ बिलाच्या तळाशी आली आणि बॅचचा रकाना मागे राहिला.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे. एखाद्या लॉटमधला थोडा माल असुरक्षित ठरला, तर सविस्तर तपासणीत वेगळं सिद्ध होईपर्यंत तो सगळा लॉट असुरक्षित मानला जातो. म्हणजे दोषाची हद्द कायद्याने लॉटला बांधली आहे. मात्र ज्या बिलावरून त्या हद्दीत कोणती दुकानं येतात हे कळायचं, त्या बिलावर लॉटच नाही. नुकसान किरकोळ दुकानदाराचंही होतं. नमुना नापास झाला तर “माल मी अमक्याकडून हमीवर घेतला” हे त्याला दाखवावं लागतं. पकडलेलं पाकीट नेमकं याच बिलातून आलं, हे तो कशावरून सांगणार?

लॉट किती मोठा ठेवायचा हे कारखाना ठरवतो. कुणी एका पाळीचा माल एका लॉटमध्ये धरतं, कुणी दिवसभराचा, तर कुणी एका कढईचा. लॉट मोठा असला की लिखापढी कमी होते, पण दोष निघाल्यावर परत आणायचा मालही तेवढाच वाढतो. आणि नंबर बदलला म्हणून दोष थांबतो असंही नाही. कालची उरलेली शेव आजच्या घाण्यात मिसळली, किंवा मिरची पुडीचं एकच पोतं तीन दिवस चाललं, तर पाकिटांवर तीन नंबर पडतात आणि कारण एकच असतं. त्यामुळे कोणतं पोतं कोणत्या लॉटमध्ये गेलं, हेही कारखान्यात लिहिलेलं लागतं. ब्रिटनमध्ये 2005 च्या फेब्रुवारीत याचा मोठा फटका बसला. सुदान-1 या बंदी असलेल्या रंगाची मिरची पूड एका वूस्टर सॉसमध्ये गेली होती, तो सॉस इतर कंपन्यांच्या तयार पदार्थांत गेला होता, आणि शेवटी चारशेहून अधिक वस्तू दुकानांतून काढाव्या लागल्या.

फुहाऱ्यावर काय होतं ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. 6 जुलैच्या लॉटची मसाला शेवेची 40 खोकी एका थोक दुकानात 14 तारखेला उतरली. आधीच्या लॉटची 22 खोकी गोदामात होतीच. 20 तारखेला कंपनीचा फोन येतो: 6 जुलैचा लॉट थांबवा, परत पाठवा. दुकानाचा संगणक सांगतो की या महिन्यात शेवेची 95 खोकी 70 दुकानांना गेली. त्यांतल्या कोणाकडे हा लॉट गेला, हे तो सांगू शकत नाही. मग सत्तरही दुकानांना व्हॉट्सअॅपवर निरोप जातो, “शेव बेचना बंद करो”. कुणी निरोप वाचतो, कुणी वाचत नाही. ज्यांचा माल चांगला आहे तेही तो परत करतात आणि दोषी खोकं एखाद्या गल्लीतल्या दुकानात विकलं जात राहतं.

बिलाच्या प्रत्येक ओळीत बॅच नंबर लिहिणं हा सरळ उपाय आहे. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅचची सोय बहुधा असते, फक्त ती सुरू करावी लागते. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसच्या नमुन्यातही बॅचची जागा आहे, मात्र ती भरणं ऐच्छिक ठेवलं आहे. गर्दीच्या वेळी प्रत्येक खोक्याचा नंबर वाचणं जमत नाही, ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी आहे. त्यांच्यासाठी याहून सोपी रीत आहे, आणि आज फुहाऱ्यावर मी तिचाच आग्रह धरीन. गोदामात जुना लॉट पुढे आणि नवा मागे लावायचा. जुना संपून नव्याचं पहिलं खोकं निघेल त्या दिवशी वहीत एक ओळ लिहायची: माल, लॉट, तारीख. बस.

वरच्या उदाहरणात ही वही असती, तर जुना लॉट 16 तारखेला संपला आणि त्याच दिवशी नवा निघाला हे दिसलं असतं. 16 ते 20 या तारखांची बिलं काढायची. समजा त्यांत 19 दुकानं निघाली. 16 तारखेला दोन्ही लॉट विकले गेले, म्हणून त्या दिवसाची दुकानंही संशयितच धरायची. नेमकी खोकी कळली नाहीत तरी सत्तरऐवजी एकोणीस दुकानांना फोन करायचे आहेत, आणि ते काम दुपारपर्यंत उरकतं.

मग बेरीज जुळवायची. आलेली खोकी 40. नव्या लॉटची बिलावर गेलेली 33, गोदामात 5, म्हणजे 38 झाली. उरलेली दोन कुठे आहेत, याचं उत्तर मिळेपर्यंत काम झालं असं समजू नये. बहुतेकदा एक खोकं काउंटरवर फोडून सुटी पाकिटं रोखीने विकलेली असतात आणि दुसरं फाटलं म्हणून परतीच्या मालात टाकलेलं असतं. या परतीच्या ढिगाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. तुटफूट, मुदत संपत आलेला माल आणि परत बोलावलेला माल एकाच कोपऱ्यात पडला, की त्यातलं काही स्वस्तात पुन्हा बाहेर जातं. परत बोलावलेल्या खोक्यांवर ठळक खूण करून, मोजून, ती वेगळ्या जागी कुलपात ठेवायला हवीत.

नोंद असली तरी वेळ निघून गेली तर ती कामाची नाही, हे मॅगी प्रकरणात स्पष्ट दिसलं. बाराबंकीत नमुना घेतला मार्च 2014 मध्ये. कोलकात्याच्या प्रयोगशाळेचा 17.2 पीपीएम शिशाचा अहवाल आला तो 2015 मध्ये. तो माल फेब्रुवारी 2014 चा होता, आणि त्याची मुदत नोव्हेंबर 2014 मध्येच संपली होती. म्हणजे ज्या लॉटवर बोट ठेवलं, तो बाजारात उरलाच नव्हता. 5 जून 2015 च्या आदेशाने नऊही प्रकारांवर बंदी आली. तो आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्टला रद्द केला आणि तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला सांगितली. खरं-खोटं काय ते तिथे ठरलं. माझा मुद्दा एवढाच की अहवाल मालाच्या मुदतीनंतर आला, तर लॉट नंबरचा उपयोग उरत नाही.

माल परत बोलावण्याचे नियम 2017 पासून आहेत. त्यांत 24 तासांच्या आत अन्न सुरक्षा प्राधिकरणाला कळवण्याची अट आहे. परतीची लेखी योजना ठेवण्यातून निव्वळ किरकोळ दुकानदाराला सूट आहे, थोक विक्रेत्याला नाही. तेव्हा फुहाऱ्यावर येणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने परवाना भिंतीवर लावला आहे का, एवढंच पाहून निघून जाऊ नये. कपाटातलं एक पाकीट उचलावं, त्यावरचा नंबर वाचावा, आणि या लॉटची किती खोकी आली, कोणाकोणाला गेली, किती शिल्लक आहेत, असं विचारावं. घड्याळ लावून चार तास द्यावेत. पहिल्या खेपेला दंड करू नये, तीन महिन्यांनी पुन्हा यावं आणि तेव्हाही वही नसेल तर नोटीस द्यावी.