आधी बोटाला सुई, मग बाकी सगळं

रमजानातली दुपार. असरची अजान व्हायला थोडा वेळ आहे. मैंदर्गीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. पासष्टीचे अब्बा पलंगावर बसल्या बसल्या असंबद्ध बोलू लागतात. अंगाला दरदरून घाम सुटलाय, जीभ जड झालीय, उजवा हात उचलत नाही. कुणी म्हणतं रोजा लागला, कुणी म्हणतं लकवा. शेजारचा कांदा हुंगवतो. कुणीतरी १०८ ला फोन लावतं.

रुग्णवाहिका येते. डॉक्टर नाडी आणि श्वास पाहतात आणि लगेच ग्लुकोमीटर काढतात. सूनबाई अडवते, "डॉक्टरसाहेब, अब्बांचा रोजा आहे, सुई नका टोचू. आधी सोलापूरला न्या, लकवा आहे हा."

डॉक्टर म्हणतात, "ताई, एक थेंब रक्त लागतं, अर्धा मिनिटही लागत नाही. लकवा आहे की साखर उतरलीय, ते इथंच कळेल."

यंत्रावर आकडा येतो: ३८. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी समजतात. डॉक्टर शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिली, म्हणजे २५ ग्रॅम साखर, हळूहळू देतात. काही मिनिटांत अब्बा डोळे नीट उघडतात, उजवा हात हलवतात आणि विचारतात, "एवढी माणसं का जमलीत?"

ही सुई सगळ्यात आधी का, याचं उत्तर मेंदूत आहे. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम दोन टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तोच खातो, आणि स्वतःजवळ साखरेचा साठा जवळजवळ ठेवत नाही. रक्तातली साखर फार उतरली की त्याचं काम बिघडतं. मग माणूस बरळतो, भोवळ येऊन पडतो, दारू प्याल्यासारखा वागतो, त्याला झटके येतात किंवा एक बाजू लुळी पडते. वरून पाहून मिरगी, लकवा आणि साखर उतरणं यांत फरक करता येत नाही. साखरेमुळे आलेल्या झटक्यावर मिरगीचं औषध देऊन मूळ कारण जात नाही. उशीर झाला तर मेंदूची हानी कायमची राहू शकते. वेळेत साखर मिळाली तर माणूस बहुधा पूर्ववत होतो.

आकडा चांगला आला तरी सुई वाया जात नाही. तेव्हा लकव्याची शंका बळावते आणि गाडी वेळ न दवडता सोलापूरकडे निघते. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते देण्याआधीही साखर पाहावीच लागते.

मात्र आकडाही फसवू शकतो. इफ्तारच्या वेळी बोटाला खजूर किंवा सरबत लागलेलं असलं, तर तीच साखर थेंबात मिसळते आणि उतरलेली साखर चांगली दिसते. म्हणून बोट पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. मुदत संपलेली किंवा डबी उघडी राहिलेली पट्टीही चुकीचा आकडा देते. साखर भरून आल्यावरही शुद्ध नीट आली नाही, तर दुसरं कारण शोधायलाच हवं.

अब्बांच्या बाबतीत झालं ते असं. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी नेहमीच्या मात्रेत सहरीला घेतली आणि वर नुसता चहा-पाव खाल्ला. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तिचा अंमल बराच वेळ टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी. म्हणून "आता बरे झाले, घरी ठेवा" हे म्हणणं धोक्याचं. शिरेतली साखर संपते, गोळी काम करतच राहते आणि मगरिबनंतर पुन्हा तेच होऊ शकतं. अशा माणसाला खायला घालून दवाखान्यात ठेवावं लागतं आणि साखर पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

राहिला रोज्याचा प्रश्न. तपासणीसाठी रक्ताचा थेंब काढल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. आकडा सत्तरच्या खाली असेल तर रोजा तिथेच सोडायचा. आजाऱ्याला तो नंतर कजा करण्याची सवलत कुराणानंच दिली आहे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, झमझमचं पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवावं आणि १०८ लावावा.

मधुमेही रोजेदाराच्या गोळीची वेळ आणि मात्रा रमजानाआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यायला हवी. आणि रुग्णवाहिकेतल्या माणसानं आधी बोट मागितलं, तर घरच्यांनी वाद न घालता ते पुढं करावं.