जुनी दप्तरे रद्दीत घालण्याआधी



गेल्या महिन्यात शेतकी खात्याची मागची खोली झाडायला काढली. ऊस नोंदीच्या वह्या, वजन पावत्यांचे गठ्ठे, पंधरवडा बिलांची पत्रके, सगळे छतापर्यंत रचलेले आणि खालच्या थराला वाळवी. तिथेच एकाने सुचवले, "आठ वर्षांच्या मागचे सगळे रद्दीवाल्याला देऊन टाकू." खोली मोकळी व्हायला हवी हे मलाही पटते. पण आठ वर्षांचा हा आकडा आला कुठून? तो कंपनी कायद्यातला आहे, आणि आपला कारखाना सहकार कायद्याखाली चालतो. जीएसटीची मुदत तर आणखी वेगळी, वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने. एकच आकडा सगळ्या कागदांना लावता येत नाही.

माझे मत असे, की मुदत किती वर्षांची यापेक्षा ती कुठून मोजायची हे आधी ठरवावे. कागदाच्या तारखेपासून मोजली की घात होतो. आपला हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, हिशेबाचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. २०२१-२२ चा हंगाम आठवा. राज्यात कितीतरी ठिकाणी मे-जूनपर्यंत ऊस उभा होता. समजा, एका सभासदाचा मार्चमध्ये ४२.३५० टन आणि मेमध्ये ३१.१२५ टन ऊस आला. हंगाम एकच, एकूण ७३.४७५ टन. पण मार्चचे टन २०२१-२२ च्या लेखापरीक्षणात आले आणि मेचे २०२२-२३ च्या. गठ्ठ्यावर चिठ्ठी मात्र एकच, "हंगाम २१-२२". कारकुनाने ती वाचून पहिल्या वर्षापासून मुदत मोजली, तर मेच्या पावत्या एक वर्ष आधीच जातील.

त्याच सभासदाच्या बिलातून टनाला २० रुपये ठेव कापली असेल, तर मार्चचे ८४७ आणि मेचे ६२२ रुपये ५० पैसे. उद्या वारस ठेव मागायला आले आणि खतावणीत फक्त ८४७ दिसले, तर उरलेले कशावरून सिद्ध करणार? पावती नसली तरी पंधरवड्याचे पत्रक असेल तर रक्कम सापडते. दोन्ही गेले तर बिचारा वारस आणि आपला कारकून, दोघेही तोंडातोंडी भांडत बसतात. असे भांडण मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून गठ्ठ्यावर हंगामाबरोबर हिशेबाचे वर्षही लिहावे, आणि हंगाम दोन वर्षांत पडला असेल तर दोन गठ्ठे करावेत. मुदत सुरू व्हावी ती त्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल येऊन त्यातल्या दोषांची दुरुस्ती मान्य झाल्यावर. एकही शेरा उघडा असेल किंवा त्या वर्षाबद्दल कुठे दावा चालू असेल, तर त्या गठ्ठ्यावर लाल पट्टी बांधावी आणि त्याला हात लावू नये.

लाल पट्टी किती वर्षे राहू शकते? उसाला दिलेला जादा दर हा खर्च की नफ्याची वाटणी, हा आयकराचा वाद सहकारी कारखान्यांनी वर्षानुवर्षे भोगला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात निकाल दिला. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पाने करनिर्धारण वर्ष २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांसाठीही ही रक्कम खर्च म्हणून मागण्याची वाट मोकळी केली. सवलतीचा अंदाज सुमारे १० हजार कोटी रुपयांचा होता. पण सवलत त्या त्या वर्षी सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापुरतीच. म्हणजे कोणत्या वर्षी किती टनाला काय दर दिला आणि मंजूर दर कोणता, हे दाखवायला हवे. आठ वर्षांनी दप्तर विकलेला कारखाना हे कुठून दाखवणार?

मात्र प्रत्येक पावती जन्मभर सांभाळा असे मी म्हणत नाही. प्रत्येक हंगामाचे सभासदवार टनाचे, दराचे आणि कपातीचे एक पत्रक करावे. त्याची बेरीज लेखापरीक्षित आकड्याशी लावावी. फरक पडला तर तो खोडून बरोबर करू नये, कारण लिहून तसाच ठेवावा. हे पत्रक, दर मंजुरीचे ठराव, लेखापरीक्षण अहवाल आणि दोष दुरुस्ती अहवाल कायमचे ठेवावेत. पावत्यांना वरीलप्रमाणे आठ वर्षे पुरेत. तोडणीच्या रोजच्या चिठ्ठ्या तर त्याहून लवकर गेल्या तरी चालेल, वजन पावती असताना त्यांचा उपयोग थोडा.

संगणकावर सगळे आहे, असे तरुण मंडळी सांगतात. असेल. पण काटाघरातली प्रणाली बदलली की जुनी फाइल उघडत नाही. म्हणून वर्षातून एकदा एखाद्या जुन्या हंगामातली कुठलीही दहा नावे काढून ती पत्रकाशी ताडून पाहावीत.

आणि गठ्ठा नष्ट करताना काय होते, कोणत्या वर्षाचे होते, संचालक मंडळाचा ठराव कोणता, कोणासमोर फाडले, हे एका वहीत लिहावे. ती वही मात्र कधीच रद्दीत जाऊ नये. आमच्या खोलीत अशी वही सापडली नाही, त्यामुळे १५ वर्षांपूर्वीचे तीन गठ्ठे विकले की वाळवीने खाल्ले, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

— ऊस विकास अधिकारी